जर्मनीत शाळेनंतर आउसबिल्डुंगचा अर्ज लिहिला, तेव्हाचे अनुभव सांगा

मृणाल_हाइलब्रॉन
काल शेजारच्या मुलीने आउसबिल्डुंगसाठीचं, म्हणजे कंपनीत पगारासह शिकायच्या जागेसाठीचं, तिचं अनश्राइबन म्हणजे अर्जाचं पत्र वाचायला दिलं आणि आमच्या घरातला तो अख्खा उन्हाळा आठवला. लेक तेव्हा रेआलशूलच्या दहावीत जाणार होता आणि त्याला इंडस्ट्रीमेकानिकर व्हायचं होतं. आम्ही दोघंही बारावी-इंजिनिअरिंगच्या वाटेने आलेलो. सोळा वर्षांच्या मुलाने कंपनीला एका पानाचं औपचारिक पत्र लिहायचं म्हणजे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्याचा पहिला मसुदा असा होता: "मी याद्वारे प्रशिक्षणार्थी जागेसाठी अर्ज करतो. मी मेहनती, वक्तशीर आहे आणि सर्वांबरोबर मिळून काम करतो." वर्गशिक्षिकेने वाचून विचारलं, "हे पत्र तुझं की तुझ्या बाकावरच्या मुलाचं, हे त्यांना कसं कळेल?" मग तिने त्याला नववीत कंपनीत आठवडाभर काम बघून-करून शिकायच्या प्राक्टिकुमबद्दल लिहायला लावलं. त्याच कंपनीच्या कार्यशाळेत त्याने यू आकाराचा पोलादाचा तुकडा कानशीने घासला होता. नवीन सुरुवात साधारण अशी झाली: "फेब्रुवारीत आपल्या कार्यशाळेत मी यू-पोलाद घासत होतो. कोनपट्टी लावली की एका कडेखालून उजेड दिसायचा. तो दिसेनासा व्हायला मला दोन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी मी दुसरी कड स्वतःहून मागून घेतली."

मुलाखतीत पहिला प्रश्न त्या उजेडावरच आला. तुमच्याकडे काय झालं, लिहा. मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच छान.

कानस_आणि_कॉफी
मृणालताई, मी एका मध्यम आकाराच्या यंत्र कंपनीत आउसबिल्डर आहे, म्हणजे अशा पोरांना शिकवतो, असली पत्रं दर हंगामात वाचतो. तुमच्या लेकाची सुरुवात वाचून मी तिथेच थांबलो असतो. दोन दिवस एकाच कडेवर टिकून राहिला, हे "मी चिकाटीचा आहे" यापेक्षा खूप जास्त सांगतं.

मी आधी विषयाची ओळ बघतो. कोणता व्यवसाय आणि कोणत्या तारखेपासून, उदाहरणार्थ "१ सप्टेंबरपासून इंडस्ट्रीमेकानिकर", हे तिथेच हवं. आम्ही चार-पाच व्यवसाय शिकवतो. नुसतं "प्रशिक्षणासाठी अर्ज" असेल तर कागद कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा तेच कळत नाही. मग नाव. जाहिरातीत संपर्काच्या बाईंचं नाव असताना पत्रात "सन्माननीय महोदय-महोदया" आलं, की जाहिरात नीट वाचलेली नाही हे दिसतं. आधीच्या पत्रातलं दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं तर दर वर्षी सापडतं. तो अर्ज बहुतेक तिथेच संपतो.

आणि शेवट. "बोलावलंत तर आनंद झाला असता" अशा जर-तरच्या सुरात पोरं लिहितात. सरळ लिहा: मुलाखतीला यायला मला आवडेल. खाली सही, सोबत लेबेन्सलाउफ म्हणजे बायोडेटा आणि शेवटची दोन गुणपत्रकं, सगळं एकाच पीडीएफमध्ये.

राजू_म्युनिक
फोटो विसरू नका. जर्मनीत फोटोशिवाय अर्ज बघतच नाहीत, कायदाच आहे.

कानस_आणि_कॉफी
राजूभाऊ, उलट आहे. २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, तेव्हापासून कंपनी फोटोची सक्ती करत नाही. पाठवणारे अजूनही पुष्कळ आहेत हे मात्र खरं.

राजू_म्युनिक
बरं. पण आमच्या ओळखीत ज्यांना जागा मिळाली त्या सगळ्यांनी लावला होता. मी तरी लावा म्हणेन.

अंजूताई_बोखुम
पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका सांभाळून घ्या. लेकीला मेडिसिनिशे फाखआंगेश्टेल्टे, म्हणजे दवाखान्यातली डॉक्टरांची मदतनीस, व्हायचं होतं. गणितात ४ (इथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट). तिने पत्रात सरळ लिहिलं, की गणित कच्चं आहे, जानेवारीपासून शिकवणी लावलीय, शेवटच्या चाचणीत ३ आले. शिक्षक म्हणाले काढून टाक. तिने ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं आणि हेच आवडलं म्हणाल्या.

कानस_आणि_कॉफी
अंजूताई, लेकीचं अभिनंदन! माझं मत थोडं वेगळं आहे. गुण गुणपत्रकात दिसतातच, एका पानातली जागा त्यावर का घालवा? पण ४ वरून ३ हा बदल अजून कागदावर आला नसेल तर लिहावा, हे पटलं. मला गुणांपेक्षा विनाकारण गैरहजेरी जास्त खटकते. ज्या राज्यांत ती गुणपत्रकावर छापतात, तिथे माझी नजर आधी तिकडेच जाते. आजारपणाची असेल तर हरकत नाही. न कळवलेली असेल तर मुलाखतीत विचारतो.

सांगलीकर
यू घासणं वाचून आजोबा आठवले. किर्लोस्करवाडीत फिटर होते. वाइसमध्ये तुकडा धरून, निळं लावून, उंचवटा कुठे राहिलाय ते बघायचे. जर्मनीत अजून हातानेच सुरुवात करतात?

मृणाल_हाइलब्रॉन
हो दादा, पहिले कितीतरी आठवडे हातानेच. सीएनसी नंतर. लेकाच्या तळहातावरचे फोड बघून माझ्या सासूबाईंनी फोनवर हळद लावायला सांगितली होती. किर्लोस्करवाडीच्या आठवणी अजून लिहा ना.

प्रसाद_पी
माझा भाचा बीई मेकॅनिकल आहे, स्टुटगार्टला एमएस करायचंय. त्याच्या एसओपीमध्ये पण असंच कानशीचं लिहावं का?

मृणाल_हाइलब्रॉन
प्रसाद, ते विद्यापीठाचं प्रकरण वेगळं, तिथे विषय आणि संशोधन बघतात. हे शाळेतून थेट कंपनीत शिकायला जाण्याबद्दल आहे. आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही बेरूफ्सशूल म्हणजे व्यवसायशाळेत, पगारासह.

नाशिकची_ऋतुजा
मी बारावी झालेय, नाशिकलाच आहे. इथे एक एजंट म्हणतोय कंपन्या भारतातून थेट अर्ज घेतच नाहीत, त्याच्यामार्फतच जावं लागतं, आणि पत्रही तोच लिहून देणार. खरं आहे का? खूप पैसे मागतोय.

कानस_आणि_कॉफी
ऋतुजा, थेट अर्ज घेतात. आमच्याकडे भारतातून ईमेलने आलेत आणि अर्ज करायला एक पैसाही लागत नाही. आधी कंपनीशी करार, मग त्याच्या जोरावर व्हिसा, असा क्रम असतो. भाषा साधारण बी१ लागते, काही कंपन्या बी२ मागतात. पहिल्या परिच्छेदातच सांग की तू सध्या भारतात आहेस, भाषेचं कोणतं प्रमाणपत्र हातात आहे आणि कधीपासून येऊ शकतेस. बारावीच्या गुणपत्रकाचं प्रमाणित भाषांतर जोड.

दुसऱ्याने लिहिलेलं पत्र ओळखायला येतं. वर गुळगुळीत जर्मन आणि व्हिडिओ कॉलवर साधा प्रश्न कळत नाही, असं झालं की मग आमचाही विश्वास उडतो. स्वतःच्या जर्मनमध्ये लहान वाक्यं लिही. दोन विभक्तीच्या चुका चालतील.

नाशिकची_ऋतुजा
खूप धन्यवाद दादा. पण मी प्राक्टिकुम केलंच नाही, काय लिहू? बाबांचं सायकल-मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे बसते एवढंच.

कानस_आणि_कॉफी
एवढंच काय म्हणतेस! स्वतः काय उघडलंस, काय जोडलंस?

नाशिकची_ऋतुजा
कार्ब्युरेटर साफ करते, क्लचची तार बदलते, चाक सरळ करते. चाकाच्या तारा एकेक आवळून.

कानस_आणि_कॉफी
मग चाकाचं लिही. डगमग कुठे आहे हे कसं शोधतेस, कोणती तार सैल करतेस, कोणती आवळतेस. त्सवायराड-मेखाट्रोनिकर नावाचा साडेतीन वर्षांचा व्यवसायच आहे, दुचाक्यांचा. मोठ्या कंपन्यांच्या जागा वर्षभर आधी भरायला लागतात, पण तुझ्या कामाची लहान गॅरेजं वसंतातही माणसं शोधत असतात. व्हिसाला वेळ लागतो हे धरून आत्ताच लिहायला बस.

राजू_म्युनिक
ऋतुजा, फोटो लाव हं.

अंजूताई_बोखुम
राजूभाऊ 😄 ऋतुजा, बी१ झालंय का तुझं?

नाशिकची_ऋतुजा
ए२ झालंय ताई. बी१ पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनला द्यायचंय. कुणी नुकतंच दिलंय का तिथे? बोलण्याच्या भागात जोडीदार अनोळखी असतो का?

सांगलीकर
पुतणीने दिलंय. संध्याकाळी तिला विचारून इथेच लिहितो.