मदत हवी आहे: सर्क्युलरमधल्या ‘फी रिव्हिजन’ला मराठीत काय लिहू?

लेखनिक_बोरीकाठ

मंडळी, मी अमळनेर तालुक्यातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत क्लार्क आहे. सरांनी पालकांसाठी एकच कागद काढायला सांगितलाय. पुढे इंग्रजी, मागे मराठी. उन्हाळी सुट्टी आणि जूनपासूनची नवी फी, दोन्ही त्यातच. इंग्रजी सरांनी स्वतः लिहून दिलं, मराठी माझ्या गळ्यात पडलं. शनिवारी झेरॉक्सला द्यायचंय.

दोन ठिकाणी अडलोय. इंग्रजीत मथळा आहे ‘रिव्हिजन ऑफ फी’. मी आधी ‘शुल्क सुधारणा’ लिहिलं. शिपाई काकांना वाचायला दिलं तर ते म्हणाले, “सुधारली म्हणजे कमी झाली का रे?” मग ‘फी दुरुस्ती’ केलं, ते त्याहून वाईट दिसतंय. ‘शुल्कवाढ’ लिहिलं तर सर म्हणतात फार टोचतं.

दुसरं, इंग्रजीत ‘स्कूल विल रिमेन क्लोज्ड टिल १५ जून’ आहे. त्याचं मी ‘शाळा १५ जूनपर्यंत बंद राहील’ केलं. हे बरोबर आहे ना? कारण मागे एका वर्षी असंच लिहिलं होतं आणि १५ तारखेला वर्गात निम्मीच पोरं होती. बाकीची १६ ला आली, वरून पालक भांडले की तुम्हीच तर लिहिलंय.

भादली_लोकल

काय भो, पगार क्लार्कचा आणि काम भाषांतरकाराचं! ‘शुल्कवाढ’च लिहा. वाढलीय ना? मग वाढ म्हणा. मी पालक म्हणून सांगतो, ‘सुधारित शुल्क’ वाचलं की आम्ही खाली आकडाच शोधतो. शब्द गोड असला म्हणून पावती गोड होत नाही.

पेन्शनर_हेडमास्तर

तुमचं भाषांतर चुकलेलं नाही, मूळ इंग्रजीच संदिग्ध आहे. ‘टिल’मध्ये तो दिवस धरायचा की नाही हे इंग्रजीतही पक्कं नसतं, पण मराठीत ‘१५ जूनपर्यंत सुट्टी’ वाचणारा माणूस १५ तारीख सुट्टीतच धरतो. पालकांचं काही चुकलं नव्हतं. उपाय एवढाच की ‘पर्यंत’वर वाक्य संपवू नका. सुट्टीचा शेवटचा दिवस लिहा आणि शाळा उघडण्याचा दिवस वेगळा लिहा, वारासकट. म्हणजे असं: ‘उन्हाळी सुट्टी शनिवार, २ मे ते रविवार, १४ जून. शाळा सोमवार, १५ जून रोजी सकाळी ७.३० वाजता भरेल.’ इंग्रजीतही हेच दोन भाग करून घ्या. वार लिहिला की टायपिंगची चूकही लगेच सापडते, कारण तारीख आणि वार जुळत नाहीत. मी हेडमास्तर असताना दर सर्क्युलरला भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेत असे.

आता फी. तुमच्या कागदावर आकडे काय आहेत ते इथे टाका. शब्दाचा प्रश्न त्यानंतर.

लेखनिक_बोरीकाठ

सर, प्राथमिकचे आकडे देतो. आत्ता वर्षाला १८,००० आहे. त्यात शिक्षण शुल्क १४,४००, सत्र शुल्क १,२०० आणि संगणक-ग्रंथालय मिळून २,४००. नवीन फी २०,१६०. शिक्षण शुल्क १६,२००, सत्र शुल्क तेवढंच, संगणक-ग्रंथालय २,७६०. इंग्रजीत ‘ओव्हरऑल १२ पर्सेंट’ आहे, मी मराठीत ‘शिक्षण शुल्कात १२ टक्के वाढ’ लिहिलंय.

पेन्शनर_हेडमास्तर

मग तुमच्या दोन बाजू दोन वेगळ्या फी सांगतात. मराठी बाजू वाचणारा पालक घरी गणित करेल: १४,४०० चे १२ टक्के म्हणजे १,७२८, म्हणजे शिक्षण शुल्क १६,१२८. खिडकीवर तुम्ही १६,२०० मागाल. तो ७२ रुपयांसाठी भांडेल आणि ते भांडण त्याचं बरोबर असेल. एकूण धरलं तर फरक आणखी मोठा. मराठीप्रमाणे १९,७२८ होतात, तुम्ही घेणार २०,१६०, म्हणजे ४३२ चा फरक. खरं तर शिक्षण शुल्क साडेबारा टक्के वाढलंय, संगणकाचं पंधरा टक्के, सत्राचं शून्य. सगळं मिळून बारा.

म्हणून टक्केवारी मथळ्यात नको आणि वाक्यातही नको. बाबवार तक्ता द्या: आत्ताची रक्कम, नवी रक्कम, फरक. हप्ते तीन असतील तर आधी ६,००० होता तो आता ६,७२० होईल, म्हणजे प्रत्येक हप्त्याला ७२० जास्त. रावेर-चोपड्याचा केळीवाला बाप असो की बँकेतली आई, दोघांना हवा असतो तो हाच आकडा. तक्ता दोन्ही भाषांसाठी एकच ठेवला तरी चालतो, मग भाषांतराची भानगडच राहत नाही. शब्द विचाराल तर मथळा ‘सन २०२६-२७ चे शुल्क’ एवढाच ठेवा आणि खाली पहिल्याच ओळीत ‘शुल्कात वाढ झाली आहे’ असं सरळ म्हणा. सरांना टोचणार नाही, पालकांपासून काही लपणारही नाही.

चिनावलची_आई

माझा मुलगा आरटीईतून लागलाय. आम्हाला २५ टक्के फी माफ आहे असं ऐकलं होतं, मग ही १२ टक्के वाढ धरून आम्हाला किती भरावी लागेल? शाळेतून कुणी नीट सांगत नाही.

भादली_लोकल

ताई, ते २५ टक्के सवलतीचे नाहीत, जागांचे आहेत. पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा आरटीईच्या असतात आणि त्या मुलांना शिक्षण शुल्क नसतंच. माझ्या साल्याच्या मुलीचं तसंच आहे. तुम्ही तो तक्ता लावून घेऊ नका.

पेन्शनर_हेडमास्तर

लेखनिकसाहेब, हा प्रश्न तुमच्या खिडकीवरही येणार. ‘शिक्षण हक्क कायद्यातून प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना हे शुल्क लागू नाही’ ही ओळ दोन्ही बाजूंना टाका. इंग्रजी बाजूला ती हमखास राहते.

संस्थेत_वीस_वर्षं

एवढा काथ्याकूट कशाला? पंधरा टक्क्यांच्या आत वाढ असली की कुणाला विचारावं लागत नाही, कायद्यातच आहे. बारा टक्के म्हणजे बिनधास्त छापा. आमच्या संस्थेत दर जूनला असंच होतं.

पेन्शनर_हेडमास्तर

पंधराचा आकडा कायद्यात आहे, पण दुसऱ्याच जागी. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे संस्थेने नव्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. जूनची शाळा म्हणजे डिसेंबर. समिती ठरवते ती फी. संस्थेने मागितलेली आणि समितीने दिलेली यांत पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत पडली तर संस्थेला विभागीय समितीकडे अपिलात जाता येतं, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारला नाशिक विभागाची. तो आकडा अपिलाचा उंबरठा आहे. समितीला वगळून वाढवायची मुभा त्यातून मिळत नाही, एक टक्का वाढवायचा असला तरी ठराव लागतो. आणि मंजूर फी नोटीस बोर्डावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची असते. तुमचं हे मराठी पान म्हणजे कुणावर उपकार नाहीत.

सर्क्युलरमध्ये समितीच्या ठरावाची तारीख लिहा. लेखनिकसाहेब, ठराव झालाय ना? आणि याआधी फी कधी वाढली होती?

लेखनिक_बोरीकाठ

मीटिंग जानेवारीत झाली, रजिस्टरला सह्या आहेत. चार पालकांच्या राहिल्यात. जुनी फाईल काढून बघतो.

प्रकाशाकर

मला फीमधलं कळत नाही, सुट्ट्यांचं सांगतो. कानबाई ज्या रविवारी बसते त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी विसर्जन असतं. श्रावणातल्या त्या सोमवारी आमच्याकडे शाळेत फक्त मास्तर असतात. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या असतात ना, त्यातली एक तिकडे टाकायला सांगा. आत्ताच कागदावर आली तर बरं. नाहीतर आदल्या रात्री दहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो आणि बसवाला सकाळी दारात उभा.

तापीची_पोर

+१. आणि इंग्रजीत ‘कानबाई विसर्जन’ असंच ठेवा. आमच्या शाळेने एका वर्षी ‘लोकल गॉडेस फेस्टिव्हल’ लिहिलं होतं, माझ्या आजीने विचारलं ही कोणती नवी देवी.

बसची फी मे महिन्याची लागते का हेही कुणीतरी सांगा. आमच्याकडे अकरा महिन्यांची घेतात.

भादली_लोकल

आमच्याकडे दहा महिन्यांची. प्रत्येकाचं वेगळं दिसतंय.

लेखनिक_बोरीकाठ

फाईल सापडली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ लाच फी वाढली होती. १६,५०० ची १८,००० झाली. त्याचा ठरावही आहे. पेन्शनर सर, तुम्ही हेच बघायला लावलंत का?

पेन्शनर_हेडमास्तर

हो. समितीने मंजूर केलेली फी दोन शैक्षणिक वर्षांना बांधील असते. गेल्या वर्षीची १८,००० ही २०२५-२६ आणि २०२६-२७ अशा दोन्हींसाठी. तुमची १२ टक्के वाढ त्याच्या मधोमध येतेय. पालकांनी हे धरलं, आणि पंचवीस टक्के पालक एकत्र झाले, तर तेही नाशिकला जाऊ शकतात. सरांना हे शांतपणे, जुना ठराव समोर ठेवून दाखवा. वाद घालू नका.

संस्थेत_वीस_वर्षं

जुन्या ठरावात दोन्ही वर्षांचे वेगवेगळे आकडे लिहिले असतील तर? काही संस्था तसं करतात. आधी पूर्ण वाचा.

पेन्शनर_हेडमास्तर

हे मात्र बरोबर आहे. ठराव शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

लेखनिक_बोरीकाठ

वाचला. एकच आकडा आहे, १८,०००. सरांच्या केबिनमध्ये घेऊन गेलो. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग चेअरमन साहेबांना फोन लावला आणि मला बाहेर बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “फीचं पान सध्या ठेव. सुट्टीचं तेवढं काढ.” ठेव म्हणजे रद्द की पुढे ढकललं ते विचारायची हिंमत झाली नाही.

सुट्टीचं पान आज झेरॉक्सला गेलं. शनिवार २ मे, रविवार १४ जून, सोमवार १५ जून, सगळे वार कॅलेंडरशी जुळवून. कानबाईचा सोमवारही टाकलाय, सरांनी न वाचताच सही केली. फी पुढे सरकली तर तक्त्यासाठी परत याच धाग्यावर येतो.