मदत हवी: काँक्रीटच्या हौदाचं तापमान मध्येच ८० वर उडी मारतंय

हौदवाला: जाड काँक्रीटची भिंत, आतून ८० अंशांचं पाणी. सेमी-इन्फिनिट, म्हणजे मागे कधी न संपणारी धरून पृष्ठभागाचं तापमान एक्सेलमध्ये काढतोय. पाचव्या मिनिटापर्यंत आलेख छान, सहाव्याच्या आसपास दातेरी, सातव्याला थेट ८०. सूत्र चार वेळा तपासलं. उद्या आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

सायली_के: पाण्यातून भिंतीत उष्णता जाण्याचा गुणांक h, काँक्रीटची उष्णतावाहकता k, सुरुवातीचं तापमान, भिंतीची जाडी? आणि सेलमध्ये नेमकं काय लिहिलंय?

हौदवाला: नेहमीचंच काँक्रीट हो. k १.४, घनता २३००, विशिष्ट उष्मा ८८०. h ५००, सुरुवात २५ अंश, जाडी १५ सेंमी. B2 म्हणजे h√(αt)/k, t सेकंदांत, α म्हणजे k भागिले घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार.
```
=25+55*(1-EXP(B2^2)*(1-ERF(B2)))
```

जुना_बॉयलर: ८० बरोबरच आहे. h एवढा मोठा असला की पृष्ठभाग पाण्याचंच तापमान घेतो. आम्ही सरळ तसंच धरायचो.

सायली_के: मग पाचव्या मिनिटाला ७४ का येतं, काका? h मोठा असला तरी अनंत नाही. गडबड 1-ERF मध्ये आहे. B2 सहाच्या पुढे गेला की ERF १ च्या इतका जवळ जातो की एक्सेलच्या पंधरा-सोळा अंकांत तो १ च ठरतो. वजाबाकी शून्य, मग EXP कितीही मोठा असला तरी गुणाकार शून्य. त्याच्या जरा आधी वजाबाकीत एखाद-दुसराच अंक शिल्लक राहतो, म्हणून दाते. थेट ERFC वापरा, तो 1-ERF ची किंमत वजाबाकीशिवाय काढतो:
```
=25+55*(1-EXP(B2^2)*ERFC(B2))
```
दहाव्या मिनिटाला B2 साधारण ७.२८, उत्तर ७५.८ यायला हवं. B2 २६ च्या पुढे गेला तर EXP च फुटेल. तिथे दोघांच्या गुणाकाराऐवजी 1/(B2*SQRT(PI())) पुरतं.

गच्ची_७: माझ्या स्लॅबवर दुपारभर ऊन असतं, तिथेही हेच सूत्र लावू का?

सायली_के: उन्हाची उष्णता ठरावीक दराने आत येते, त्याचं सूत्र वेगळं. शिवाय वाराही धरावा लागेल. वेगळा धागा काढा.

हौदवाला: ७५.८ आलं, आलेखही गुळगुळीत. आता हेच दोन तासांपर्यंत नेतो.

सायली_के: थांबा! १५ सेंमीची भिंत सेमी-इन्फिनिट म्हणून साधारण ३४ मिनिटंच चालेल, 4√(αt) जाडीएवढं होईपर्यंत. पुढे मागच्या बाजूला ऊब पोचते, तिथून मर्यादित जाडीच्या भिंतीचं गणित करा.

जुना_बॉयलर: आणि h ५०० कुठून आणला? पाणी ढवळताय की नुसतं भरून ठेवलंय?

हौदवाला: भरून ठेवलंय. ५०० जुन्या शीटमध्ये होता.

जुना_बॉयलर: मग तो कमी असू शकतो. भिंत तापेल तसा बदलतोही.

सायली_के: हे काकांचं खरं. २५० धरलात तर दहाव्या मिनिटाला ७१.८ येतं. भिंतीला थर्मोकपल चिकटवून बघता येईल का?

हौदवाला: हौद भरलेला आहे. रिकामा कधी होईल, विचारून सांगतो.