डेटा एंट्रीचा रेझ्युमे: वेग, अचूकता आणि 'रोज इतके रेकॉर्ड' तुम्ही कसं लिहिलंत?

परभणीचा_टाइपराइटर
परभणीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. पोरंपोरी परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी पास होतात, मराठी ३०, इंग्रजी ४० चं सर्टिफिकेट हातात पडतं आणि मग रेझ्युमे लिहायला माझ्याकडेच येतात. इथं माझी गाडी अडते. सर्टिफिकेटवरचा वेग मला कळतो, पण ऑफिसात बसून रेकॉर्ड भरण्याचं काम मी स्वतः केलेलं नाही. परवा एका विद्यार्थ्याने लिहून आणलं: 'मराठी ४०, इंग्रजी ४०, अचूकता १००%, दररोज १५०० रेकॉर्ड, एमएस ऑफिस, इंटरनेट.' मला ते खटकलं, पण काय खटकलं ते नेमकं सांगता येईना. ज्यांनी हे काम केलंय किंवा अशी माणसं निवडलीत, त्यांनी आपापला अनुभव सांगावा. नुसते सल्ले नकोत. तुम्ही कोणता आकडा लिहिला आणि समोरच्याने त्यावर काय विचारलं, ते सांगा.

जालन्याची_सून
मी जालन्यात बियाण्याच्या धंद्यात आहे. बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांची नोंदणी आमच्याकडे असते: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, वाण, पेरणीची तारीख, बँक खातं. रेझ्युमेत मी वेग एका ओळीत उरकला होता. हंगामात किती शेतकऱ्यांच्या नोंदी केल्या आणि एका नोंदीत किती रकाने होते, हे मात्र सविस्तर लिहिलं. मुलाखतीत वेगाचं कुणी नावही काढलं नाही. साहेबांनी विचारलं, "पाच आर क्षेत्र कसं भराल?" मी म्हटलं ०.०५. "आणि पन्नास आर?" ०.५०. बस्स. नंतर कळलं, आधीच्या माणसाने पाच आरला ०.५ टाकून ठेवलं होतं आणि त्या हिशोबाने दहापट बियाणं शेतावर गेलं होतं.
तेव्हापासून माझ्या रेझ्युमेत 'हेक्टर-आर क्षेत्राच्या नोंदी' असे शब्द आहेत. बँकेच्या नोकरीला त्याचा उपयोग शून्य, पण मोंढ्यात, बियाण्यात, पीक विम्याच्या कामात लोक तिथे थांबून वाचतात.

टंकलेखक_४०
एवढं अवघड कशाला करताय? सरळ हिशोब आहे. मिनिटाला ४० शब्द, एका शब्दाला ५ कळा धरायच्या, म्हणजे मिनिटाला २०० आणि तासाला १२,०००. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेतही असंच धरतात, ३५ शब्द म्हणजे १०,५०० आणि ३० म्हणजे ९,०००. रेझ्युमेत 'तासाला १२,००० की डिप्रेशन' लिहून टाका, एकदम वजन येतं. मी तेच लिहिलं आणि शॉर्टलिस्ट झालो. सर्टिफिकेट सोबत जोडलेलं असतं, कोण कशाला विचारतंय?

रेकॉर्डरूम
टंकलेखक, तुमचा गुणाकार बरोबर आहे आणि पाचचं प्रमाणही खरं आहे. पण तो वेग समोर ठेवलेला सलग उतारा टाइप करण्याचा आहे. फॉर्म भरताना नजर कागदावरून पडद्यावर जाते, टॅब दाबावा लागतो, यादीतून तालुका निवडावा लागतो आणि डॉक्टरच्या अक्षरात लिहिलेलं आडनाव लावायचं असतं. संभाजीनगरात मी डेटा एंट्रीच्या टीम चालवल्यात, रेझ्युमेही पुष्कळ चाळलेत. आम्ही काय करतो ते सांगतो. आम्ही तीन आकडे एकमेकांशी ताडून बघतो, आणि ते जुळत नसतील तर रेझ्युमे बाजूला पडतो.

परभणीकर, तुमच्या विद्यार्थ्याचंच घ्या. रेकॉर्ड म्हणजे काय होतं, हे त्याला आधी विचारा. समजा घरोघरच्या सर्वेक्षणाचा हाताने भरलेला फॉर्म आहे, १८ रकान्यांचा, एका फॉर्मला साधारण १६० कळा. तासाला १२,००० कळांनी हात एकदाही न थांबता चालला, तर ७५ फॉर्म होतील. आठ तासांच्या पाळीत खरं बोटं चालण्याचं काम सहा तास धरा, म्हणजे ४५०. हे झालं कागदावरचं. हस्तलिखितावरून भरताना माझ्या लोकांचा वेग याच्या निम्मा ते दोन तृतीयांश असायचा, म्हणजे २२५ ते ३००. मग १५०० कुठून आले? एक तर रेकॉर्ड चार-पाच रकान्यांचं चिटुकलं असणार, नाही तर तो नोंदी करत नव्हता, झालेल्या तपासत होता, नाही तर आकडा सगळ्या टीमचा आहे. तिन्ही प्रामाणिक गोष्टी आहेत. फक्त जे असेल ते लिहावं लागतं.

आता '१००% अचूकता'. हे वाचलं की मला एवढंच कळतं की याचं काम कधी कुणी मोजलेलं नाही. मोजलेल्या कामात चूक सापडतेच. आमच्याकडे भरलेल्यातले २०० फॉर्म काढून दुसरा माणूस मूळ कागदाशी पडताळायचा. १८ रकाने गुणिले २००, म्हणजे ३,६०० रकाने झाले. त्यात १८ चुका निघाल्या तर रकान्यागणिक अचूकता ९९.५%. पण त्या १८ चुका १७ फॉर्ममध्ये पसरलेल्या असतील, तर पूर्ण निर्दोष फॉर्म १८३, म्हणजे ९१.५%. काम तेच, माणूस तोच, आकडे दोन आणि दोन्ही खरे. म्हणून टक्का लिहिला तर तो कशावर मोजला आणि किती नमुन्यावर, हे शेजारी हवंच.

माजलगावकर
चांगला विषय काढलाव. मी घरबसल्या डेटा एंट्री घेतली होती. आधी नोंदणीचे पैसे भरून घेतले, मग स्कॅन केलेली धुरकट पानं पाठवली. करारात ९८ टक्के अचूकता लिहिली होती. काम पाठवलं तर म्हणले अचूकता कमी भरली, पैसे नाहीत, उलट दंड भरा नाही तर वकिलाची नोटीस येईल. आता फोन येतेत. हा अनुभव रेझ्युमेत लिहावा का? आणि ते लोक खरंच केस करतील का?

रेकॉर्डरूम
माजलगावकर, रेझ्युमेत ते घालू नका. ज्या कामाचा पगार आणि पत्र नाही, ते मुलाखतीत सिद्ध करता येत नाही. पैसे आधी मागणारं काम ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. घाबरून आणखी पैसे भरू नका, करार आणि कॉल जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. मात्र त्या ९८ टक्क्यांकडे बघा. तो टक्का अक्षरावर मोजायचा, रकान्यावर की पानावर, हे करारात असतं का? नसतंच. तिथेच मेख आहे.

लातूरची_ऑपरेटर
मी शासकीय कार्यालयात कंत्राटी आहे, एजन्सीमार्फत. सॉफ्टवेअरचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून लिहायलेय. 'एमएस ऑफिस येतं' हे सगळेच लिहितेत. एमएस-सीआयटी तर गल्लीतल्या प्रत्येकाकडं आहे. माझी निवड एक्सेलच्या चाचणीवर झाली होती. लाभार्थ्यांची यादी दिली होती, नाव आणि खाते क्रमांक भरायचे होते. काही खाती १६ अंकी होती. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं आणि कुठं लाल खूण दाखवत नाही. खात्याच्या सुरुवातीचं शून्यही गायब होतं. मी टायपिंगला हात लावायच्या आधी तो स्तंभ टेक्स्ट करून घेतला. माझ्या शेजारी लई फास्ट पोरगी बसली होती, तिची यादी अर्ध्या वेळात झाली, पण खाती चुकली. आधी भरून नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही.
म्हणून माझ्या रेझ्युमेत आता असं आहे: 'एक्सेल: खाते क्रमांक व दिनांकाचे स्तंभ आधी फॉरमॅट करणे, डेटा व्हॅलिडेशनने चुकीची नोंद अडवणे, दुबार नावे शोधणे.' मराठीसाठी 'युनिकोड, इनस्क्रिप्ट' लिहिलंय. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पोर्टलवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, त्यामुळं हे विचारतेतच.
माझी अडचण वेगळी आहे. एजन्सी बदलली की आधीची एजन्सी अनुभवाचं पत्र देत नाही. कार्यालय म्हणतंय तुम्ही आमचे कर्मचारी नाहीत. मग रेकॉर्डची संख्या मी कुणाच्या भरवशावर लिहू?

जालन्याची_सून
पोर्टलवर तुझ्या लॉगिनने किती नोंदी झाल्या याचा अहवाल निघतो का बघ. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये निघतो, मी महिन्याची बेरीज वहीत लिहून ठेवते. पण त्याचा फोटो, छापील प्रत बाहेर नेऊ नकोस. शेतकऱ्यांची नावं, आधार, खाती असतात त्यात. एकाने मुलाखतीत 'कामाचा नमुना' म्हणून खऱ्या लोकांची यादी दाखवली होती, त्याला तिथूनच परत पाठवलं.

टंकलेखक_४०
ठीक आहे, चाचणी असेल तिथे तुमचं बरोबर. पण सरकारी भरतीत लिपिक-टंकलेखकाला प्रमाणपत्रच लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४०. तिथे तुमची ही रकान्यांची टक्केवारी कोण वाचणार?

रेकॉर्डरूम
कुणीच नाही, मान्य. सरळ भरतीत अर्ज ठरलेला असतो, तिथे रेझ्युमेचं कामच नाही. हे सगळं खासगी आणि कंत्राटी जागांसाठी.

परभणीचा_टाइपराइटर
विद्यार्थ्याला बसवून विचारलं. १५०० हा पाच जणांचा मिळून आकडा निघाला! सर्वेक्षणाचेच फॉर्म, १८ नाही पण २० रकाने. तपासणीत त्याचे किती फॉर्म परत आले ते त्याला आठवत नाही, मोजलंच नव्हतं. दहा मिनिटांचा अनोळखी उतारा दिला तर इंग्रजी ३६ आला, मराठी २९. सर्टिफिकेट जुनं आहे, हाताची सवय गेलीय. आता असं लिहिलंय:

'इंग्रजी ३६, मराठी (इनस्क्रिप्ट) २९ शब्द प्रतिमिनिट, १० मिनिटांची चाचणी, चालू महिना. प्रमाणपत्र: दोन्ही ४०.
सर्वेक्षणाचे हस्तलिखित फॉर्म, २० रकाने; ५ जणांच्या गटात दिवसाला सुमारे १५००, स्वतःचे सुमारे ३००.'

अचूकतेची ओळ काढून टाकली. पोरगा नाराज आहे. म्हणतोय, बाकीचे सगळे १०० टक्के लिहिणार आणि माझ्याकडं जागा कोरी?

रेकॉर्डरूम
२० रकान्यांना ३०० जरा वरच्या अंगाने आहेत, पण पटण्यासारखे आहेत. काही रकाने हो-नाहीचे असतील तर सहज. तेही लिहा. अचूकतेला कोरी जागा ठेवायची नसेल तर आता मोजा. कुठलेही ५० छापील फॉर्म भरायला द्या आणि दुसऱ्या पोराकडून पडताळून घ्या. 'इन्स्टिट्यूटमधील चाचणी, ५० फॉर्म' असं लिहून जो टक्का येईल तो टाका.

लातूरची_ऑपरेटर
इन्स्टिट्यूटची चाचणी कोण खरी मानतंय? माझ्या मते ती ओळ नसलेलीच बरी. आणि मराठीच्या वेगाचं मला अजून पटलेलं नाही. 'विठ्ठल' लिहायला इनस्क्रिप्टमध्ये सहा कळा, त्यात दोन्ही ठ शिफ्ट दाबून. नावांच्या यादीत असलीच जोडाक्षरं जास्त. मग २९ शब्द म्हणजे नेमक्या किती कळा धरायच्या, शिफ्ट वेगळी मोजायची की नाही? दोन ठिकाणी विचारलं तर दोन उत्तरं मिळाली.