फी शून्य, पण दर कोणाचा? घरी पैसे पाठवण्याचा खरा खर्च

प्रेषक: अनघा
विषय: आईच्या खात्यात दरमहा पैसे, कोणता मार्ग स्वस्त?

नमस्कार मंडळी,

मी दर महिन्याला आईच्या खात्यात ५०० डॉलर पाठवते. सध्याच्या सेवेच्या पानावर ठळक अक्षरांत ‘फी शून्य’ लिहिलेलं असतं आणि आज तिचा दर ८४.१५ रुपये आहे. दुसऱ्या एका सेवेचा दर ८४.८० आहे, पण ती ४ डॉलर फी घेते. त्याच वेळी इंटरनेटवर बाजाराचा दर ८५.०० दिसत होता. दोन्ही ठिकाणी ५०० टाकून पाहिलं, तर पहिल्यात ४२,०७५ रुपये आणि दुसऱ्यात साधारण ४२,०६१ जमा होतील असं दिसतं. चौदा रुपयांचाच फरक आहे. मग दरात एवढा फरक असूनही दोन्ही सारखेच कसे? आणि यात माझे नेमके किती पैसे जातात?

अनघा

---

प्रेषक: मंदार

अनघा, फीकडे बघूच नकोस. फी दिसते, म्हणून लोक तिलाच घाबरतात. खरी कमाई दरात असते. बाजाराच्या दराच्या सर्वांत जवळचा दर जो देतो तो घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. तुझ्या उदाहरणात दुसरी सेवा. मी कायम हेच करतो.

मंदार

---

प्रेषक: श्रीनिवास

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. घाई कशाला? रुपया घसरायची वाट बघा. मागे मी काही आठवडे थांबलो आणि डॉलरमागे जवळजवळ रुपयाभर जास्त मिळाला. फीपेक्षा हे मोठं आहे.

श्रीनिवास

---

प्रेषक: वैशाली

अनघा, आकडे त्याच मिनिटाचे दिलेस हे फार बरं झालं, त्याशिवाय तुलना होतच नाही. मी बरीच वर्षं परदेशी पैशांच्या हिशोबजुळणीचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरा खर्च काढायला एकच प्रश्न विचारायचा. माझ्या खात्यातून जे डॉलर गेले, त्यांचे बाजाराच्या मधल्या दराने किती रुपये झाले असते आणि प्रत्यक्षात किती जमा झाले? मधला दर म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या बरोबर मधला. सामान्य ग्राहकाला तो सहसा मिळत नाही, पण मोजपट्टी म्हणून तोच धरायचा.

तुझे ५०० डॉलर मधल्या दराने ४२,५०० रुपये होतात. पहिल्या सेवेने ४२,०७५ दिले, म्हणजे ४२५ रुपये गेले, बरोबर एक टक्का. फी शून्य आहे हे खरंच, पण प्रत्येक डॉलरमागे ८५ पैसे दरातून कापले आहेत. दुसरी सेवा आधी ४ डॉलर काढते आणि उरलेले ४९६ डॉलर ८४.८० ने बदलते. तिथे साधारण ४३९ रुपये जातात. त्यातले ३४० फीचे आणि ९९ दरातले.

आता मंदारच्या म्हणण्याबद्दल. खरी कमाई दरात असते हे बरोबर आहे, पण मोठ्या रकमेला. दरातली कपात रकमेबरोबर वाढते, ठरावीक फी तेवढीच राहते. अनघाने २०० डॉलर पाठवले असते, तर शून्य फीवाल्या सेवेतून १६,८३० रुपये मिळाले असते आणि चांगल्या दराच्या सेवेतून १६,६२१. दोनशेहून अधिक रुपयांचं नुकसान, तेही ‘चांगल्या’ दराने. १,००० डॉलर असते तर उलट झालं असतं: ८४,१५० विरुद्ध ८४,४६१.

दोन्ही सेवा कोणत्या रकमेला सारख्या पडतात तेही काढता येतं. फी गुणिले फीवाल्या सेवेचा दर, आणि त्याला दोन्ही दरांतल्या फरकाने भागायचं:

```
4 × 84.80 ÷ (84.80 − 84.15) = 521.8
```

म्हणजे साधारण ५२२ डॉलर. त्याखाली शून्य फी, त्यावर फीवाली सेवा. तुझे ५०० अगदी उंबरठ्याजवळ आहेत, म्हणून तुला चौदाच रुपयांचा फरक दिसला. हा आकडा कायमचा नसतो. दर हलले की तोही सरकतो.

श्रीनिवास, तुम्ही सांगता ती गोष्ट वेगळी आहे. रुपया घसरला तर सगळ्याच सेवांमधून जास्त रुपये मिळतात, त्यात सेवा स्वस्त झाली असं होत नाही. आणि तो तितकाच वधारूही शकतो. सोमवारी एका सेवेचा दर पाहिला आणि गुरुवारी दुसरीचा, तर मधल्या दिवसांत बाजार ४० पैसे हलला असेल आणि आपण म्हणू, दुसरी सेवा भारी. ही गल्लत मी सतत पाहते. दोन्ही पानं शेजारी उघडायची, तीच रक्कम टाकायची आणि जमा होणारे रुपये बघायचे.

वैशाली

---

प्रेषक: दिलीप

वैशाली, तुझं पत्र वाचून माझी जुनी पावती काढली. मी आमच्या बँकेतून सरळ तिकडच्या बँकेत डॉलर पाठवतो, म्हणजे वायर करतो. त्यात असलं काही नाही. ५,००० डॉलर पाठवले, ३५ डॉलर फी, संपलं. पाच हजारांवर पस्तीस म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. बँक ती बँक.

तिकडच्या खात्यात ४,१९,५१४ रुपये जमा झाले होते.

दिलीपकाका

---

प्रेषक: वैशाली

काका, जमा रक्कम लिहिलीत म्हणून हिशोब मांडता येतो. तिकडच्या बँकेने परदेशी रकमेची सूचनापावती दिली असेल. त्यावर पोचलेले डॉलर, लावलेला दर आणि कपाती असतात. तेवढं कळवाल का? व्यवहाराची तारीखही हवी.

वैशाली

---

प्रेषक: दिलीप

तारीख तुला वेगळी पाठवतो. पावतीवर ४,९८२ डॉलर, दर ८४.३०, जीएसटी ४६८ रुपये. हे ४,९८२ कसे, ते मलाही कळलं नाही. मी पूर्ण पाच हजार पाठवले होते.

दिलीपकाका

---

प्रेषक: वैशाली

काका, तारीख मिळाली. भारतात रुपया-डॉलरचा संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर करते. जुन्या व्यवहाराच्या क्षणाचा दर हाताशी नसतो, तेव्हा मी तोच धरते. दिवसातला तो एकच आकडा असल्यामुळे काही पैशांची चूक राहते. तुमच्या दिवशी तो ८५ च्या अगदी जवळ होता, म्हणून ८५ घेते.

तुमच्या खात्यातून फीसकट ५,०३५ डॉलर गेले. मधल्या दराने त्यांचे ४,२७,९७५ रुपये होतात. जमा झाले ४,१९,५१४. फरक साधारण ८,४६० रुपयांचा, म्हणजे जवळजवळ दोन टक्के.

यात तुम्हाला माहीत असलेली ३५ डॉलरची फी २,९७५ रुपयांची. १८ डॉलर वाटेत गेले, त्यांचे १,५३० रुपये. वायर बऱ्याचदा मधल्या एखाद्या बँकेतून जाते आणि ती आपली फी रकमेतूनच काढून घेते. फॉर्मवर `SHA`, म्हणजे फी पाठवणारा आणि घेणारा यांत वाटून, असं निवडलेलं असेल तर हे होतं. `OUR` निवडलं तर वाटेतली फीही पाठवणाऱ्याकडून वेगळी घेतात. मग रक्कम सहसा पूर्ण पोचते, पण सुरुवातीची फी वाढते.

सर्वांत मोठा तुकडा मात्र कोणत्याच पावतीवर खर्च म्हणून लिहिलेला नाही. तुम्ही डॉलर पाठवलेत, त्यांचे रुपये तिकडच्या बँकेने तिच्या खरेदीच्या दराने केले, ८४.३० ने. डॉलरमागे ७० पैसे, एकूण ३,४८७ रुपये. आणि जीएसटी लागतो तो पूर्ण रकमेवर नाही, चलन बदलण्याच्या सेवेच्या ठरवलेल्या मूल्यावर. एक लाखापर्यंत ते मूल्य रकमेच्या एक टक्का धरतात, पुढे दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का. तुमच्या रकमेवर ते २,६०० आलं आणि त्याचे १८ टक्के म्हणजे ४६८. बँकेने तो बरोबर लावला आहे. रुपयांतच पैसे पोचवणाऱ्या सेवांमध्ये ही कपात घेणाऱ्याला सहसा वेगळी दिसत नाही.

म्हणून डॉलरमध्ये वायर करताना खर्च इथल्या बँकेला विचारून पूर्ण कळत नाही. दर ठरतो तिकडे, तोही पैसे पोचल्यावर.

वैशाली

---

प्रेषक: निखिल

मला पहिल्या वेळी एका सेवेने बाजारापेक्षाही वरचा दर दिला होता! वैशालीताईंच्या पद्धतीने माझा खर्च उणे येतो. मग ही सेवा सर्वांत स्वस्त नाही का? शिवाय मी क्रेडिट कार्डाने पैसे भरतो, पॉइंटही मिळतात.

निखिल

---

प्रेषक: वैशाली

निखिल, तो नवीन ग्राहकाचा दर. बहुतेक पहिल्याच व्यवहाराला आणि ठरावीक रकमेपर्यंत. जरूर घ्यावा, पण दरमहा पाठवणाऱ्याने त्यावरून निवड करू नये. लॉग-इन करून, दुसऱ्यांदा पाठवताना दिसणारा दर तोच तुमचा खरा.

कार्डाचं मात्र आजच तपासा. काही कार्ड कंपन्या अशा व्यवहाराला रोख उचल मानतात. त्याची वेगळी फी असते आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. हे पैसे पाठवणाऱ्या सेवेच्या पावतीवर कधीच येत नाही, कार्डाच्या महिन्याच्या बिलात येतं. पॉइंटही सहसा मिळत नाहीत. तुलना करताना पैसे भरायचा मार्गही तोच ठेवायचा, कारण बँक खात्यातून भरलं तर एक फी आणि कार्डाने भरलं तर दुसरी, हे नेहमीचं आहे.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पैसे भरण्याआधी फी, दर आणि पोचणारी रक्कम दाखवावी लागते. पैसे भरल्यावर साधारणपणे अर्ध्या तासात, रक्कम पोचली नसेल तर, व्यवहार रद्दही करता येतो. पण बाजाराचा दर शेजारी दाखवायचं बंधन नाही, तो आपणच बघायचा.

वैशाली

---

प्रेषक: मंदार

छोट्या रकमेचं पटलं. पण मग अनघाने दोन महिन्यांचे एकदम १,००० पाठवले तर? दोनदा शून्य फीने ८४,१५०, एकदा फीवाल्याने ८४,४६१. तीनशे रुपये वाचले.

मंदार

---

प्रेषक: अनघा

मंदार, हिशोब बरोबर, पण आईचा महिन्याचा खर्च त्यातूनच चालतो. एक महिना आधी पाठवायला माझ्याकडे एवढी शिल्लक लागेल. शिवाय सगळी रक्कम एकाच दिवसाच्या दरावर जाईल. तो दिवस वाईट निघाला तर तीनशेहून जास्त जाऊ शकतात. अजून ठरवलं नाही.

ताई, एक शंका. मी बहुतेक शनिवारी पाठवते. तेव्हा बाजार बंद असतो, मग मधला दर कोणता धरायचा? शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी बाजाराचा आकडा तोच दिसतो, पण माझ्या सेवेचा दर शनिवारी थोडा कमी वाटतो.

अनघा

---

प्रेषक: वैशाली

शुक्रवारचा शेवटचा दर धर. काही सेवा शनिवार-रविवारी दरातली कपात वाढवतात, कारण सोमवारी बाजार कुठे उघडेल याचा धोका त्यांच्यावर असतो. तुझी सेवा तसं करते का, ते या आठवड्यात दोन्ही दिवशी ५०० टाकून बघ आणि इथे कळव.

काका, तुमच्यासाठीही एक काम आहे. मोठ्या रकमेला तिकडच्या शाखेत आधी बोललं तर बँका कधीकधी फलकावरच्या दरापेक्षा चांगला दर देतात. विचारून पाहा.

वैशाली

---

प्रेषक: दिलीप

विचारलं. शाखेतला मुलगा म्हणाला, रक्कम पोचायच्या आदल्या दिवशी ई-मेल करा, पण दर किती सुधारेल ते आधी सांगणार नाही. पुढची वायर करण्याआधी तुझी ती रुपयांत पोचवणारी सेवाही त्याच वेळी उघडून ठेवतो. तिथे एका वेळी पाच हजार जातात का, कोणाला माहीत आहे?

दिलीपकाका