मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान, कुरियर-रिटर्न धरून हिशोब बसतोय का बघा

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, आमच्या ओळखीचे दोन कारागीर आहेत, पिढीजात काम, त्यांच्या चपला घेऊन स्वतःची छोटी वेबसाइट काढायची चाललंय. मोठ्या मार्केटप्लेसवर सध्या नाही जायचं, त्यांचं कमिशन वेगळं पडतं. सुरुवातीला लेडीजच्या तीन डिझाइन आणि जेंट्सच्या दोन एवढंच.

जोडी मला ८५०ला पडते, विकायची १४००ला, शिपिंग फ्री असं दाखवायचंय, म्हणजे हातात ५५० राहतात. यातून कुरियर, पॅकिंग, पेमेंट गेटवे आणि परत येणारा माल हे सगळं निघायला हवं. एका कुरियर अ‍ॅग्रिगेटरने मला रेट दिलाय, पहिल्या अर्ध्या किलोला ६० आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४५, वर १८ टक्के जीएसटी. जोडीचं वजन साधारण ८०० ग्रॅम भरतं म्हणजे खोक्यासकट एक किलो धरलं तर १०५ अधिक टॅक्स, १२४ रुपये. सीओडीला वर ४० आणि टॅक्स, म्हणजे ४७. खोक्याला आणि आतल्या कागदाला ४० धरलेत. खोकेवाल्याने छान शूबॉक्स दाखवलाय, ३२ बाय २२ बाय १२ सेंटीमीटर, त्यावर नाव छापून देतो म्हणतोय, पण एकदम ५०० नग घ्यावे लागतील.

माझ्या हिशोबाने सीओडीच्या एका ऑर्डरमागे ३३९ राहतात. हे खरंच इतके राहतील का? खोक्यांची ऑर्डर देण्याआधी कुणीतरी जाणकाराने एकदा नजर घाला प्लीज.

सातारी_मसाला:
ताई अभिनंदन, मी मसाले विकते, मला काचेच्या बाटल्यांचा फार त्रास झाला, फुटून तेल बाहेर यायचं, शेवटी पाउचवर आले. तुम्ही पण बबल रॅप डबल लावा, कंजुसी नको त्यात.

पंचगंगाकाठ:
धन्यवाद ताई, पण चपला फुटण्याचा प्रश्न नाही हो, मला खर्चाचं जास्त टेन्शन आहे.

गोदाम_नाका:
खोक्यांची ऑर्डर आधी थांबवा ताई. मी बरीच वर्षं पार्सलच्या धंद्यात आहे, पहिल्यांदा विकणारे सगळे इथेच अडकतात. कुरियरवाला तुमच्या जोडीचं नुसतं वजन बघत नाही, खोक्याने गाडीत किती जागा खाल्ली तेही बघतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. हे आलं ते आणि काट्यावरचं, यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुमचा शूबॉक्स ३२ × २२ × १२ म्हणजे ८४४८, भागिले ५००० केलं की १.६९ किलो, आणि अर्ध्या किलोचा टप्पा असल्यामुळे बिल दोन किलोचं येणार. तुमच्याच रेटने ६० आणि तीन वेळा ४५ म्हणजे १९५, टॅक्स धरून २३० रुपये. १२४ नाही. नुसत्या खोक्याच्या आकारापायी जोडीमागे १०६ रुपये गेले आणि ग्राहकाला त्याचा काडीचा फायदा नाही.

आता परत येणारा माल धरा. सीओडीत लोक दार उघडत नाहीत, फोन उचलत नाहीत, मन बदलतं, आणि पार्सल तुमच्याकडे परत येतं. त्याला जातानाचेही पैसे लागतात आणि येतानाचेही. समजा १० सीओडी पार्सल गेली आणि ३ परत आली (तुमचा आकडा कमीजास्त असेल, मी फक्त मांडून दाखवतोय). मोठ्या खोक्यात पोचलेल्या सातांवर प्रत्येकी २३३ राहतात, एकूण १६३१. परत आलेल्या तिघांना येऊन-जाऊन ४६० आणि फाटलेलं पॅकिंग ४०, म्हणजे ५०० प्रत्येकी, १५०० गेले. दहा जोड्या पॅक करून, पाठवून, फोन करकरून शेवटी हातात १३१ रुपये.

हेच एक किलोत बसवलं तर सातांवर ३३९ प्रमाणे २३७३, तिघांवर २८८ प्रमाणे ८६४ गेले, राहिले १५०९. माल तोच, ग्राहक तेच, फरक फक्त खोक्याचा.

पंचगंगाकाठ:
बापरे. दादा हे मला अ‍ॅग्रिगेटरच्या माणसाने सांगितलंच नाही, तो फक्त वजन किती म्हणून विचारत होता. पण मग छोटा खोका म्हणजे नक्की केवढा?

गोदाम_नाका:
कोल्हापुरी चपटी असते हा तुमचा मोठा फायदा आहे, बुटाचा खोका तिला लागतच नाही. दोन्ही चपला पट्टे आत, तळवे बाहेर अशा समोरासमोर ठेवा, एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे. पट्टे एकमेकांच्या पोकळीत बसतात. मध्ये पातळ कागद घाला म्हणजे पट्ट्याचा रंग घासत नाही. अशी रचलेली जोडी टेपने मोजा आणि त्याच मापाचा थ्री प्लाय खोका सांगा, छापील नको, साधा घ्या आणि वर स्टिकर लावा, म्हणजे ५०० नगांत पैसे अडकत नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा, हबवर मशीन मोजतं ते फुगलेलं माप. खोका दाबून बंद केला आणि मधे पोट आलं की उंची पोटाची धरतात. त्यामुळे पाठवायच्या आधी पार्सल काट्यावर ठेवून, टेप लावून फोटो काढायचा, ऑर्डर नंबर दिसेल असा. बिलात लावलेलं वजन तुमच्या वजनापेक्षा जास्त दिसलं की तक्रारीला मोजकेच दिवस मिळतात, त्यात फोटो नसेल तर कुणी ऐकून घेत नाही.

उपनगर_लोकल:
एवढं टेन्शन कशाला घ्यायचं, सीओडी बंदच करून टाका ना. सगळं यूपीआयवर घ्या, यूपीआयला चार्जच नाही, गेटवेचा खर्च शून्य.

आकडेमोड:
अर्धं बरोबर आहे. यूपीआय आणि रुपे डेबिटवर बँकेचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून पेमेंटमागे कापलं जाणारं शुल्क, जानेवारी २०२०पासून शून्य आहे, पण वेबसाइटवर जो गेटवे बसवता तो स्वतःच्या सेवेचे पैसे लावू शकतो, आणि बरेच प्लॅन सगळ्या पेमेंटला मिळून सरसकट २ टक्के लावतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. तुमच्या १४००वर २८ अधिक ५.०४, तेहेतीस रुपये झाले. प्लॅन घेताना यूपीआयचा रेट वेगळा विचारून लेखी घ्या. आणि रिफंड केला तर ग्राहकाला पूर्ण १४०० द्यायचे, गेटवेची फी मात्र बहुतेक ठिकाणी परत येत नाही, तेही विचारा. शिवाय सीओडीचे पैसे कुरियरकडून यायला आठवडा-दहा दिवस सहज जातात, कारागिराला तुम्ही रोख देणार असाल तर मधले दिवस तुमच्या खिशातून.

अजून एक, हिशोबात जीएसटी दिसत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा तर ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी लागत नाही ही मर्यादा कामाची नाही, पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना त्यात सूट आहे, तुमची चप्पल त्या यादीत बसते का ते सीएला यादी समोर ठेवून विचारा, इथे कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. नोंदणी केली तर ५ टक्क्यांनी १४००तले ६६.६७ सरकारचे. कुरियरच्या टॅक्सचं क्रेडिट धरलं नाही तर मोठ्या खोक्याचा हिशोब सरळ तोट्यात जातो. ते क्रेडिट नोंदणीनंतर मिळतं, पण नोंदणी नसलेल्या कारागिराकडून घेतलेल्या मालावर काहीच मिळत नाही.

पंचगंगाकाठ:
जीएसटी मी अजिबात धरला नव्हता, सीएकडे जाते. सीओडी पूर्ण बंद करायला मन होत नाही, गावाकडचे आणि पहिल्यांदा घेणारे लोक आधी पैसे भरत नाहीत हो. आणि साइज बदलून मागितला तर काय करायचं, मी “७ दिवसांत फ्री एक्स्चेंज” लिहिणार होते.

गोदाम_नाका:
फ्री लिहू नका. एक साइज बदल म्हणजे तीन फेऱ्या, पहिली गेली, परत आली, दुसरी गेली. प्रीपेड ऑर्डरवर ५५०तून कुरियरचे १२४, पॅकिंगचे ४० आणि गेटवेचे ३३ गेले की तुम्हाला ३५३ राहतात, त्यातून आणखी दोन फेऱ्यांचे २४८ आणि नवीन पॅकिंग ४० गेले की उरतात ६५, आणि रिव्हर्स पिकअपचा रेट जातानापेक्षा बहुतेक जास्तच असतो. एका बाजूचा खर्च ग्राहकाने द्यायचा असं आधीच स्पष्ट लिहा. मात्र तुमच्याकडून चुकीचा साइज गेला तर सगळा खर्च तुमचा, तिथे हात आखडू नका.

सीओडी ठेवायची असेल तर २०० रुपये आधी ऑनलाइन घ्या, बाकी दारात. ज्याला घ्यायचीच नाही तो तिथेच गळतो. ऑर्डर कमी होतील, पण जातील त्या पोचतील.

उपनगर_लोकल:
दोनशे आधी मागितले तर लोकांना फ्रॉड वाटेल, नवीन साइट आहे. मी तर असं बघितलं की निघून जातो.

गोदाम_नाका:
वाटेलही. म्हणून पहिल्या महिन्यात दोन्ही चालवून बघा, जवळच्या जिल्ह्यांना पूर्ण सीओडी आणि लांबच्या पिनकोडला २०० आगाऊ, मग कुठे किती परत येतंय ते कळेल.

चामड्याचा_वास:
माझे वडील हेच काम करायचे म्हणून राहवलं नाही. ताई, साइजचा निम्मा त्रास नंबरामुळे होतो. कोल्हापुरीचा नंबर आणि बुटाचा नंबर एकसारखा बसेलच असं नाही, आणि पायाची रुंदी तर नंबरात येतच नाही. ग्राहकाला सांगा, कोऱ्या कागदावर उभं राहून पायाची रेघ मारायची, पेन सरळ धरायचं, आणि लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. साइटवर पण नंबराऐवजी सेंटीमीटर मोठ्या अक्षरात द्या. आणि लिहा की चप्पल सुरुवातीला घट्ट लागते, वापरून चामडं सैल होतं. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच दिवशी “लहान आली” म्हणून परत करतो.

पॅकिंगचं पण सांगतो, चामड्याला थेट प्लास्टिक लावू नका. पावसाळ्यात आत घाम धरतो, आठ दिवस पार्सल फिरलं की पांढरी बुरशी दिसते. आत कागद, एक सिलिका जेलची पुडी, आणि प्लास्टिकची कुरियर बॅग फक्त खोक्याच्या बाहेरून. परत आलेली जोडी लगेच उघडून वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको.

सातारी_मसाला:
बुरशीचं माझ्याकडे पण होतं, हळदीत. ती सिलिका पुडी खाण्याच्या मालात चालते का कुणी सांगाल?

पंचगंगाकाठ:
दादा, तुम्ही सांगितलं तसं रचून आत्ता मोजलं. लेडीज जोडी खोक्यासकट बाहेरून ३१ × १४ × ११ येतेय, ४७७४, म्हणजे ०.९५ किलो. काट्यावर खोक्यासकट ९२० ग्रॅम. बसली! पण उंची १२ झाली तर ५२०८ होतंय, म्हणजे एका सेंटीमीटरने दीड किलोच्या टप्प्यात, ५३ रुपये जास्त. आणि जेंट्सची दहा नंबरची जोडी कशीही ठेवली तरी किलोच्या आत येत नाही, लांबीनेही नाही आणि वजनानेही नाही.

गोदाम_नाका:
जेंट्सचे मोठे नंबर किलोत बसवायचा नाद सोडा, ते दीड किलोच धरा आणि त्या डिझाइनची किंमत तेवढी वाढवा. लेडीजसाठी खोकेवाल्याला बाहेरचं माप ३१ × १४ × ११ सांगा. ते आतलं माप धरून बनवतात, तिथे जाडीचे पाच-सहा मिलिमीटर वाढतात. आधी पाच नमुने मागा, भरून बंद करून मोजा, मग ऑर्डर.

पंचगंगाकाठ:
उद्या नमुने मागवते. दोनशे आगाऊ घेऊन सीओडी चालवणारं कुणी आहे का इथे? लोक खरंच भरतात का ते ऐकायचंय.