मदत हवी आहे: सदाशिव पेठेत जुन्या पत्त्यावरून वाडा कसा शोधायचा?

अंबाजोगाईकर

आईची बालमैत्रीण पुण्यात असते. गेल्या पंचवीस वर्षांत दोघींची भेट नाही. आईकडे तिचं १९८७ सालचं एक पत्र आहे. त्यावर पत्ता असा: घर नंबर (इथे देत नाही, चार आकडी आहे), अमुक वाडा, भिकारदास मारुतीजवळ, सदाशिव पेठ, पुणे ३०. रस्त्याचं नावच नाही.

मागच्या रविवारी मी एकटी जाऊन आले. नकाशात घर नंबर आणि पेठेचं नाव टाकलं, तर टाचणी थेट पेठेच्या मधोमध पडली. मग दारावरच्या पाट्या वाचत निघाले. आमच्या नंबरापेक्षा एकाने कमी असलेला नंबर सापडला तेव्हा वाटलं, आता शेजारचंच घर. तर शेजारी भलताच आकडा. दोन तास फिरले. त्यात बोळात नेट जात होतं, नकाशा पांढरा पडत होता.

येत्या शनिवारी आईला घेऊन जायचं आहे. तिचे गुडघे दुखतात, फार चालवता येणार नाही. काय करू?

पिंपळपान

ताई, सोपं आहे. रस्त्याच्या एका बाजूला सम नंबर असतात आणि दुसऱ्या बाजूला विषम. तुम्ही चुकीच्या बाजूने चालत असाल. रस्ता ओलांडून बघा.

मोजणीदार

पिंपळपान, आखून वसवलेल्या नव्या वसाहतीत असं असू शकतं, पेठांत नाही. पेठेतला नंबर मिळकतीचा असतो, रस्त्याचा नाही. तो रस्त्याच्या कडेने ओळीत पडलेलाच नाही, त्यामुळे लागोपाठचे दोन आकडे दोन वेगळ्या बोळांत असू शकतात. पुढे मिळकतीची वाटणी झाली की त्याच नंबराला तिरकी रेघ मारून एक, दोन, अ, ब असं लागत जातं. शिवाय महापालिकेचा घर नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हेचा वेगळा. पाटीवर कोणता लिहिलाय हे पाटी सांगत नाही. अंबाजोगाईकर, तुम्ही वाचलेला नंबर दुसऱ्याच मालिकेतला असू शकतो.

'पुणे ३०' म्हणजे ४११०३०. पण हा पिन सदाशिव पेठेचा एकटीचा नाही. नारायण, शनिवार, नवी पेठ यांनाही तोच आहे. तेव्हा पिनवरून काही हाती लागणार नाही.

पत्त्यातला खरा कामाचा शब्द 'भिकारदास मारुतीजवळ' हा आहे. पेठांतले पत्ते देवळावर, तालमीवर, हौदावर टांगलेले असतात. आधी मारुती गाठा आणि तिथून पुढे नंबर न विचारता वाड्याचं नाव विचारा. वाडा पडून इमारत झाली असली तरी म्हातारी माणसं जागेला जुन्याच नावाने ओळखतात.

घाटमाथा

माझा अनुभव बंगळुरूचा आहे. तिथे बऱ्याच भागांत 'मेन' आणि 'क्रॉस' असतात, म्हणजे आकड्यांचे उभे-आडवे रस्ते. सातवा मेन, चौथा क्रॉस. एकदा समजलं की मस्त. पण प्रत्येक 'स्टेज'ला पुन्हा पहिला क्रॉस सुरू होतो. मी एकदा दुसऱ्या स्टेजऐवजी पहिल्या स्टेजमध्ये जाऊन त्याच आकड्यांच्या दारात उभा राहिलो होतो. तेव्हापासून आधी भाग आणि स्टेज, मग आकडे. तुमच्या कामाचं कितपत आहे माहीत नाही.

अंबाजोगाईकर

मोजणीदार, खूप आभार. मी नंबरालाच धरून बसले होते. पण नेटचं काय? नेट नसेल तर जीपीएस बंदच पडतं ना?

सायकलवारी

नाही. जीपीएसला नेट लागत नाही, फोन ते थेट उपग्रहाकडून घेतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणून शुक्रवारी रात्री घरच्या वायफायवर चित्र आधीच उतरवून ठेवा. नेट नसताना निळा ठिपका जागेवर यायला मात्र वेळ लागतो, कधी दोन-तीन मिनिटं. आणि दोन उंच इमारतींमधल्या बोळात तो शेजारच्या बोळात उडी मारतो, कारण सिग्नल भिंतींवर आपटून येतो. चालत असताना ठिपका घरांच्या छपरांवरून जाताना दिसला की समजा, त्याचं खरं नाही. जवळच्या चौकात उघड्यावर उभं राहा आणि तो स्थिरावू द्या.

दुसरी गोष्ट. गुगल मॅप्समध्ये उतरवलेला नकाशा नेट नसताना फक्त गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालण्याचा नाही. बाजीराव रस्ता आणि लक्ष्मी रस्ता एकेरी आहेत, म्हणून समोरच्या दोनशे पावलांसाठी तो मोठा वळसा दाखवेल. ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्र उतरवलात तर पायवाटही नेटशिवाय मिळते. फक्त तिथे वाड्यांची, दुकानांची नावं कमी सापडतील. मी दोन्ही ठेवतो.

निघण्यापूर्वी त्यात तीन खुणा करा: भिकारदास मारुती, रिक्षा सोडेल ती जागा आणि आईंना बसता येईल अशी एखादी जागा. घर सापडलं की दारात उभं राहून चौथी खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी शोधणं नको.

शब्दवेडी

भाड्याने खोली हवी असेल तर सदाशिव पेठ महाग पडेल हो, कोथरूडकडे बघा.

अंबाजोगाईकर

नाही हो, खोली नको, मैत्रीण शोधतेय. :)

मोजणीदार

विचारण्याबद्दल एक राहिलं. 'वाडा इकडेच आहे ना?' असं विचारू नका. माणसं सौजन्याने 'हो' म्हणतात. 'अमुक वाडा कुठे होता?' असं विचारा. 'होता' म्हटलं की जुनी माणसं आठवायला लागतात. वाटसरूला विचारण्यापेक्षा जागेवर बसणाऱ्याला विचारा: इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, देवळातले गुरुजी. भागाचा पोस्टमन भेटला तर सर्वांत उत्तम. दोघांना वेगवेगळं विचारल्यावर त्यांनी एकच दिशा दाखवली तरच आईंना चालवा, तोपर्यंत त्यांना देवळाच्या ओट्यावर बसवा. आणि सकाळी अकराच्या आत जा, दुपारी बरीच जुनी दुकानं बंद असतात.

अंबाजोगाईकर

शनिवारी जाऊन आलो. रिक्षा थेट मारुतीशी सोडली, आई ओट्यावर बसली. पहिल्या दुकानदाराने उजवीकडे सांगितलं, देवळातल्या काकांनी डावीकडे. मग इस्त्रीवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, 'वाडा पडला, आता तिथे पाच मजली सोसायटी आहे, डावीकडे दुसरा बोळ.' देवळातल्या काकांचंही तेच होतं, म्हणून डावीकडे गेले. जवळजवळ शंभर पावलांवर सोसायटी. फाटकावर नवं नाव, पण पाटीवर आमचाच नंबर, तिरकी रेघ मारून 'अ' लावलेला.

मैत्रीण तिथे नाही. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, वाडा पाडायच्या वेळी काही भाडेकरूंनी पैसे घेऊन जागा सोडली, त्यात त्या होत्या, धायरीकडे गेल्या असाव्यात. नेमका पत्ता आजींकडे नाही. आई ओट्यावरून उठून तिथवर आली आणि फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. मी खूण करून ठेवली आहे.

मोजणीदार, 'अ' आहे म्हणजे मूळ मिळकतीचे भाग झाले असणार. जुन्या भाडेकरूंची नावं कुठल्या कागदावर मिळतील का?

मोजणीदार

मिळकत पत्रिकेवर मालकांची नावं असतात, भाडेकरूंची सहसा नसतात. सोसायटीचे सचिव किंवा जुने मालक यांनाच विचारा. धायरीचं मला ठाऊक नाही. तो भाग पुष्कळ वाढला आहे, तिथला कोणी असेल तर लिहावं.