मदत हवी आहे: मुलीची टिंगल करणारं इन्स्टा पेज, आधी शाळा की आधी रिपोर्ट?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, मुलगी अकरावीत आहे. तिच्या वर्गातल्या कुणीतरी निनावी इन्स्टाग्राम पेज काढलंय. वर्गात उत्तर देताना ती अडखळली, त्याचा चोरून काढलेला व्हिडिओ तिथे टाकलाय आणि खाली तिच्या हिंदीची नक्कल. चार दिवस ती डबा तसाच परत आणत होती, तेव्हा कुठे कळलं.

पहिली स्टोरी हातची गेली, कारण ती चोवीस तासांत आपोआप नाहीशी होते. दुसरीच्या वेळी भाच्याने सांगितलं, नुसता फोटो कापून ठेवू नकोस मावशी. म्हणून पेजचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा अख्खा स्क्रीनशॉट घेतला. प्रोफाइल उघडून स्टोरीपर्यंत जाणारं स्क्रीन रेकॉर्डिंगही केलं. पोस्ट आणि पेज दोन्हींची लिंक वहीत लिहिली. पेजचं नाव त्यांनी दोनच दिवसांत बदललं, पण पोस्टची जुनी लिंक अजून उघडते.

रिपोर्ट मात्र अजून केलेला नाही. पोस्ट उडाली तर प्राचार्यांना आमच्याकडची प्रतच दाखवता येईल, आणि ती खोटी म्हणाले तर? उलट जितका वेळ ती राहील तितके जास्त जण बघतील. मला वाटतं, वर्गशिक्षिकेला मूळ पोस्ट फोनवर दाखवून लगेच रिपोर्ट करावा.

कुणी यातून गेलंय का? शाळेला लेखी अर्ज देताना काय जोडलंत? cybercrime.gov.in वर तक्रार केली असेल तर पुढे काय झालं, तेही कृपया सांगा.